गोटी कुठे आहे आणि सुमनला कुठे वाटते

दापोली तालुक्यातल्या बौद्धवाड्यांत फिरताना स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते. "सिस्टर, याला समोरच्याच्या मनातले काही कळतच नाही." मग त्याच्या पुढची वाक्ये येतात. कोणी म्हणतो पोरगा आपमतलबी आहे, कोणी म्हणतो त्याला माया नाही, कोणी सरळ त्याला मूर्ख ठरवून मोकळा होतो. एका आजीने तर आम्हाला विचारले, "याला काळीज दिलंय की नाही?"

समोरच्याच्या मनातले ओळखणे म्हणजे नेमके काय, ते लहान मुलाला कधी जमते आणि स्वमग्न मुलाला त्यात कुठे अडते, हे शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले आहे. त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग दोन बाहुल्या, एक टोपली, एक खोका आणि एक गोटी एवढ्या सामानावर झाला. तो नीट समजून घेतला तर आजीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मात्र तो अर्धवट समजला तर मुलाचे नुकसान होते. म्हणून या अंकात तो सावकाश, पायरीपायरीने पाहू.

मूळ प्रयोगातल्या बाहुल्यांची नावे सॅली आणि अ‍ॅन. आपण त्यांना सुमन आणि कमल म्हणू. सुमनजवळ टोपली आहे, कमलजवळ झाकणाचा खोका आहे. मूल टेबलाच्या एका बाजूला बसते, प्रयोग करणारी व्यक्ती दुसऱ्या बाजूला. आधी मुलाला विचारायचे, "यातली सुमन कोणती?" ते ओळखता आले की पुढे जायचे. आता सुमन आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. ती गेल्यावर कमल टोपलीतून गोटी काढते, आपल्या खोक्यात ठेवते आणि झाकण लावते. हे सगळे मुलाच्या डोळ्यांसमोर घडते. मग सुमन परत येते आणि मुलाला प्रश्न विचारतात, "सुमन गोटी कुठे शोधेल?"

आपण मोठी माणसे लगेच म्हणू, टोपलीत. गोटी तिथे नाही हे आपल्याला माहीत आहे, पण सुमनला माहीत नाही. ती बाहेर होती. तिच्या डोक्यात जुनीच माहिती आहे आणि माणूस आपल्या डोक्यातल्या माहितीप्रमाणे वागतो, खऱ्या परिस्थितीप्रमाणे नव्हे. हे ओळखण्यासाठी मुलाला दोन गोष्टी एकाच वेळी मनात धराव्या लागतात. एक, गोटी खरोखर कुठे आहे. दुसरी, सुमनला ती कुठे आहे असे वाटते. सुमनची समजूत इथे चुकीची आहे, म्हणून या कसोटीला चुकीच्या समजुतीची कसोटी म्हणतात. आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल त्याचा अंदाज बांधण्याच्या क्षमतेला शास्त्रज्ञ 'थिअरी ऑफ माइंड' म्हणतात. आपण तिला साध्या मराठीत मनाचा अंदाज म्हणू.

समजूत चुकीचीच का लागते, हा प्रश्न कोणालाही पडेल. समजा कमलने गोटी हलवलीच नाही आणि मुलाने उत्तर दिले "टोपलीत", तर ते मूल सुमनच्या मनाचा विचार करून बोलले की गोटी जिथे दिसली ते ठिकाण सांगून मोकळे झाले, हे कळायला मार्ग नाही. दोन्ही उत्तरे सारखीच येतात. सुमनची समजूत आणि खरी परिस्थिती यांची फारकत केली की उत्तरे वेगळी होतात आणि मूल कशावरून बोलते ते दिसते. सगळ्या प्रयोगाची मेख इथे आहे.

या तऱ्हेची पहिली कसोटी 1983 मध्ये ऑस्ट्रियातल्या हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी मांडली. त्यांच्या गोष्टीत मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट कपाटात ठेवून खेळायला जातो आणि मागे त्याची आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. तीन वर्षांची मुले बहुधा चॉकलेट खरोखर जिथे आहे तेच कपाट दाखवतात. चार-पाच वर्षांची होता होता बहुतेकांचे उत्तर बदलते. हे फक्त युरोपातल्या मुलांपुरते आहे का, तेही तपासले गेले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, थायलंड, पेरू, सामोआ आणि कॅनडा अशा पाच देशांतल्या मुलांसमोर वाडग्याखाली वस्तू लपवून हाच खेळ केला. पाचही ठिकाणी तीन वर्षांची मुले बहुतेक चुकली आणि पाच वर्षांची बहुतेक बरोबर आली. म्हणजे घरात खेळणी किती आहेत किंवा पुस्तके किती आहेत यावर ही गोष्ट अडून राहत नाही.

आता 1985 सालाकडे येऊ. लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या तिघांनी सॅली आणि अ‍ॅनची गोष्ट मुलांच्या तीन गटांसमोर केली. पहिल्या गटात कोणताही त्रास नसलेली 27 मुले होती, सरासरी वय साधारण साडेचार वर्षे. दुसऱ्या गटात डाउन सिंड्रोम असलेली 14 मुले, सरासरी वय अकराच्या आसपास. तिसऱ्या गटात स्वमग्न असलेली 20 मुले, सरासरी वय बाराच्या आसपास.

दुसरा गट कशाला घेतला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नुसती स्वमग्न मुले आणि इतर मुले यांची तुलना केली असती आणि स्वमग्न मुले चुकली असती, तर कोणीही म्हणाले असते की या मुलांची बुद्धीच कमी, म्हणून चुकली. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची बौद्धिक वाढ मंद असते. या प्रयोगात त्यांची भाषेची समज सरासरी तीन वर्षांच्या मुलाएवढी भरली. स्वमग्न मुलांची भाषेची समज साडेपाच वर्षांच्या मुलाएवढी, म्हणजे त्यांच्याहून बरीच पुढे होती. बुद्धी कमी हेच कारण असते तर डाउन सिंड्रोमची मुले आधी चुकायला हवी होती.

निकाल असा लागला. पहिल्या गटातल्या 27 पैकी 23 मुलांनी बरोबर सांगितले. डाउन सिंड्रोमच्या 14 पैकी 12 मुलांनी बरोबर सांगितले. स्वमग्न 20 मुलांपैकी फक्त 4 बरोबर आली. उरलेल्या 16 जणांनी गोटी खरोखर होती तीच जागा दाखवली.

इथे घाईने निष्कर्ष काढायचा नाही. मूल चुकले तर त्याची कारणे अनेक असू शकतात. कदाचित त्याचे लक्ष नव्हते. कदाचित गोटी आधी कुठे होती हे ते विसरले. कदाचित प्रश्नच कळला नाही. म्हणून या तिघांनी मुख्य प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न ठेवले होते. "गोटी आता खरोखर कुठे आहे?" आणि "गोटी सुरुवातीला कुठे होती?" पहिल्या प्रश्नाने लक्ष तपासले जाते, दुसऱ्याने आठवण. तिन्ही गटांतल्या सर्व मुलांनी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली. म्हणजे स्वमग्न मुलाने सगळे पाहिले होते, सगळे त्याच्या लक्षात होते, भाषा कळत होती. अडले ते एकाच ठिकाणी, सुमनला काय वाटते तिथे.

दोनच जागा असल्या तर मूल अंदाजाने बोट दाखवूनही निम्म्या वेळा बरोबर येईल. म्हणून खेळ दुसऱ्यांदा केला गेला आणि त्या वेळी गोटी प्रयोग करणाऱ्याच्या खिशात गेली. दोन्ही वेळा बरोबर आलेले मूलच उत्तीर्ण धरले. हे एवढे तपशील सांगण्याचे कारण पुढे येईल. घरी हा खेळ करून पाहणारे लोक नेमके हेच तीन-चार बारकावे सोडून देतात.

पुढे 1992 मध्ये लेस्ली आणि थाइस यांनी आणखी एक उलगडा केला. मोबाइलवर फोटो काढल्याची कल्पना करा. मांजर खुर्चीवर बसली आहे, आपण फोटो काढला. मग मांजर उठून पलंगावर गेली. "फोटोत मांजर कुठे आहे?" फोटोतही जुनीच, आता खोटी ठरलेली माहिती आहे, अगदी सुमनच्या डोक्यासारखी. या तऱ्हेच्या प्रश्नाची उत्तरे स्वमग्न मुलांनी चांगली दिली. तीच मुले बाहुलीच्या प्रश्नाला मात्र चुकली. जुनी माहिती आणि नवी माहिती वेगळी ठेवणे त्यांना जमते. ती माहिती दुसऱ्या माणसाच्या मनात असली की अवघड जाते.

आता या सगळ्याचा आपल्या घराशी काय संबंध, ते पाहू. आमच्या पाहण्यातला एक मुलगा आहे, वय अकरा, स्वमग्नतेचे निदान झालेले. बोलतो, पाढे म्हणतो, एसटीच्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ सांगतो. शाळेत खेळताना पडून त्याचे कोपर चांगलेच सोलवटले. बाई दुसऱ्या वर्गात होत्या, त्याने त्यांना सांगितले नाही. घरी आला, आईला सांगितले नाही. रात्री अंघोळीच्या वेळी आईने पाहिले तेव्हा जखमेत माती होती. आई रागावली, "मला का सांगितलं नाहीस?" त्यावर तो म्हणाला, "लागलंय ना." त्याला लागले होते हे त्याला माहीत होते आणि आईलाही माहीत असणारच असे तो धरून चालला होता. आईने ते पाहिलेले नाही, म्हणून आईच्या मनात ती माहितीच नाही, हा मधला टप्पा त्याने घेतला नाही. स्वमग्न मुलाने दुखणे न सांगण्यामागे इतर कारणेही असतात. काहींना वेदना वेगळ्या तऱ्हेने जाणवतात, काहींना शब्द सापडत नाहीत. पण या मुलाला विचारल्यावर त्याने नीट सांगितले, सुईच्या भीतीने रडलाही. माहिती होती, शब्द होते, फक्त सांगण्याची गरज त्याला वाटली नव्हती.

हीच अडचण दुसऱ्या बाजूनेही येते. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते हे पटकन ओळखता आले नाही, तर दुसरा आपल्याला मुद्दाम फसवतो आहे हेही ओळखता येत नाही. "तुझ्या आईने बोलावलंय, चल" असे कोणी म्हटले तर असे मूल चालू लागते. वर्गातली मुले "तू जाऊन सरांना असं असं म्हण" म्हणून पाठवतात आणि मार हा खातो. मुलींच्या बाबतीत हा धोका किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको. लोक अशा मुलाला निष्ठुर म्हणतात. प्रत्यक्षात फसवायचे कसे हे त्यालाच नीट कळत नाही. बहुतेक वेळा फसते ते हेच मूल.

आता आजीच्या काळजाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. सुमनला गोटी कुठे आहे असे वाटते, हे ओळखणे एक गोष्ट आहे. सुमन रडायला लागली तर आपल्याला वाईट वाटणे ही दुसरी गोष्ट आहे. बाहुल्यांची कसोटी पहिली गोष्ट तपासते. दुसरी ती तपासतच नाही. अनेक स्वमग्न मुले आई रडताना पाहून इतकी अस्वस्थ होतात की कानावर हात ठेवतात किंवा खोलीतून पळून जातात. बाहेरच्याला ते बेफिकीर वाटते. आई का रडते आहे आणि आपण आता काय करावे हे त्या मुलाला उमगत नाही, पण त्याला त्रास होत असतो. "मनाचा अंदाज अवघड जातो" आणि "माया नाही" ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिल्या वाक्याला पुरावा आहे. दुसऱ्या वाक्याला या प्रयोगाचा काडीचाही आधार नाही.

आता त्या चार मुलांकडे वळू, जी स्वमग्न असूनही बरोबर आली. 1985 नंतरचा बराचसा अभ्यास त्यांच्यामुळे पुढे गेला. सर्व स्वमग्न मुलांना मनाचा अंदाज नसतोच असे म्हणावे, तर ही चार मुले कुठून आली? 1995 मध्ये फ्रान्सेस्का हॅपे यांनी अनेक अभ्यासांतली माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा भाषेचा धागा सापडला. इतर मुलांची भाषेची समज चार वर्षांच्या मुलाएवढी झाली की निम्मी मुले ही कसोटी पार करतात. स्वमग्न मुलांना त्यासाठी नऊ वर्षांच्या मुलाएवढी भाषा लागते. म्हणजे दार बंद नाही. ते उशिरा उघडते आणि भाषेच्या किल्लीने उघडते.

भाषेचे महत्त्व आणखी एका बाजूने सिद्ध झाले, तेही स्वमग्न नसलेल्या मुलांकडून. ऑस्ट्रेलियात कँडिडा पीटरसन आणि मायकल सीगल यांनी 1995 मध्ये कर्णबधिर मुलांसमोर हाच खेळ केला. ऐकू येणाऱ्या आईबापांच्या घरात जन्मलेली आणि खुणांची भाषा उशिरा शिकलेली मुलेही मोठ्या संख्येने चुकली, आठ वर्षांनंतरच्या वयातसुद्धा. पुढच्या अभ्यासांत असे दिसले की ज्यांचे आईबाप स्वतः कर्णबधिर आहेत आणि ज्यांच्या घरात पहिल्या दिवसापासून खुणांची भाषा चालते, ती मुले ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीने पार होतात. कान दोघांचेही सारखेच बंद. फरक एवढाच की एका घरात मुलाशी गप्पा होत होत्या आणि दुसऱ्या घरात होत नव्हत्या. "मला वाटलं तू गेलास", "तिला ठाऊक नव्हतं", "तो विसरला असेल" अशी वाक्ये रोज कानावर किंवा डोळ्यांवर पडली की मुलाला कळते की माणसाच्या आत काहीतरी चालते आणि ते दुसऱ्यापेक्षा वेगळे असू शकते.

यातून एक सावधगिरी निघते. बाहुल्यांची कसोटी चुकली म्हणजे मूल स्वमग्न आहे, असे कधीही म्हणता येत नाही. चुकणाऱ्यांत तीन वर्षांची बहुतेक मुले येतात, ऐकू कमी येणारी मुले येतात, भाषा उशिरा आलेली मुले येतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे. कसोटी पार केली म्हणजे स्वमग्नता नाही, असेही म्हणता येत नाही. 2009 मध्ये अत्सुशी सेंजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या वयाच्या, चांगले बोलणाऱ्या स्वमग्न माणसांवर प्रयोग केला. तोंडी प्रश्नाला त्यांनी बरोबर उत्तरे दिली. पण तशीच घटना एकही प्रश्न न विचारता चित्रफितीत दाखवली आणि यंत्राने त्यांची नजर टिपली, तेव्हा ती आपोआप योग्य जागेकडे गेली नाही. स्वमग्न नसलेल्या माणसांची नजर गेली. नजर टिपण्याच्या या पद्धतीचे निकाल इतर प्रयोगशाळांत दर वेळी तसेच आले नाहीत, म्हणून तो शेवटचा शब्द मानू नये. तरी एवढे समजते की प्रश्न समोर ठेवला, विचार करायला वेळ दिला तर जी गोष्ट गणितासारखी सोडवता येते, तीच चालत्या बोलण्यात, चार माणसांच्या गलक्यात सोडवणे निराळे आहे. परीक्षेच्या टेबलावर पास झालेला मुलगा मधल्या सुट्टीत रोज नापास होत असतो.

एका घरी असेच झाले होते. चौदा वर्षांच्या मुलीला कोणीतरी बाहुल्यांचा खेळ करून दाखवला, ती बरोबर आली आणि तिच्या आईला सांगितले गेले की हिला स्वमग्नता असूच शकत नाही, ही हट्टी आहे. आईने पुढची तपासणीच थांबवली. पुढे दुसरीकडे रीतसर तपासणी झाली आणि स्वमग्नतेचे निदान झाले, पण मधली दोन वर्षे गेली.

घरी हा खेळ करून पाहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मराठीत प्रश्न कसा विचारतो त्याने उत्तर बदलते. "सुमनने गोटी कुठे बघायला पाहिजे?" असे विचारले तर शहाणे मूल म्हणेल, खोक्यात, कारण गोटी हवी असेल तर तिथेच बघायला पाहिजे! त्याने प्रश्नाचे उत्तर बरोबरच दिले, पण आपण त्याला चूक धरू. "सुमन आधी कुठे शोधेल?" असे विचारले तर अर्थ स्पष्ट होतो. सीगल यांनीच 1991 मध्ये के. बीटी यांच्याबरोबर दाखवले होते की तीन वर्षांच्या मुलांना प्रश्नात 'आधी' हा शब्द घालून विचारले की बरीच जास्त मुले बरोबर येतात. म्हणून घरच्या घरी एकदा खेळ करून, आठवणीचा आणि लक्षाचा प्रश्न न विचारता, एका उत्तरावरून मुलावर शिक्का मारू नये.

मग तपासणी कशी होते? बाहुल्यांचा खेळ चार वर्षांच्या आत कोणत्याच मुलाला विचारून उपयोग नाही. स्वमग्नतेच्या खुणा त्याच्या कितीतरी आधी, दीड-दोन वर्षांच्या सुमारास दिसू लागतात. नावाने हाक मारली तर मूल वळून पाहत नाही. काही हवे असले तर आपला हात धरून तिकडे नेते, पण "ते बघ" म्हणून आपल्याला दाखवण्यासाठी बोट करत नाही. नजरेला नजर फारशी देत नाही. आलेले शब्द जातात. एकच खेळ, एकच हालचाल तासन्‌तास चालते. यातले काही दिसले तर खेळाची वाट पाहायची नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पथकातल्या डॉक्टरांना तुम्हाला दिसलेले तुमच्या शब्दांत सांगा. पुढे जिल्हा पातळीवरच्या तपासणी केंद्रात पाठवतात. दापोलीहून रत्नागिरी म्हणजे एसटीत अर्धा दिवस जातो आणि मजुरी बुडते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून जाताना मुलाचा जन्माचा कागद, आधार, शाळेच्या बाईंची चिठ्ठी आणि मोबाइलवर मुलाच्या वागण्याच्या दोन-तीन छोट्या चित्रफिती बरोबर ठेवाव्यात. कानांची तपासणीही मागावी, कारण ऐकू न येणे आणि स्वमग्नता वरवर सारखे दिसू शकते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आपल्या देशात 'इसा' नावाची 40 बाबींची श्रेणी वापरतात. त्यात मुलाला पाहून आणि पालकांना विचारून प्रत्येक बाबीला गुण देतात. बाहुल्यांच्या खेळावर दाखला मिळत नाही आणि नाकारलाही जाऊ नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे.

मुलाला मनाचा अंदाज शिकवता येतो का, असे आई-वडील विचारतात. काही अंशी येतो. डोक्यावर विचारांचे फुगे काढून किंवा डोक्यात फोटो असतो असे सांगून शिकवले तर बरीच स्वमग्न मुले बाहुल्यांची कसोटी पार करू लागतात. पण 2014 मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा दिसले की टेबलावर शिकलेले रोजच्या जगण्यात आपोआप उतरते याला पुरावा कमकुवत आहे. म्हणून नुसती कसोटी पास करून देणाऱ्या महागड्या शिकवणीला कर्ज काढू नये. त्यापेक्षा चालत्या कामात बोलावे. चावी खुंटीवरून उचललीत तर मुलाला मोठ्याने सांगा, "आजीने मला चावी उचलताना पाहिलं नाही. तिला वाटतं चावी खुंटीवरच आहे. ती आधी कुठे जाईल?" उत्तर आले नाही तर आजी आल्यावर दोघांनी मिळून पाहा. आपल्या मराठीत 'वाटणे' हा फार कामाचा शब्द आहे. 'आहे' आणि 'वाटते' यांतला फरक त्या एका शब्दात मावतो.

जिथे धोका आहे तिथे मात्र अंदाजावर विसंबू नका, नियम द्या. लागले, दुखले, कोणी हात लावला, तर "आईने पाहिलं नसेल तर आईला सांगायचं", हे रोज म्हणून घ्या. कोणाबरोबर जायचे त्या दोन-तीन माणसांचे फोटो भिंतीवर लावा आणि त्यांच्याशिवाय कोणीही बोलावले तरी जायचे नाही हे ठरवून द्या. "समोरच्याचा हेतू ओळख" हे सांगणे मुलाला अवघड जाते, "या तिघांबरोबरच जायचं" हे सोपे जाते. शाळेतल्या बाईंनाही हा नियम लिहून द्या.

शेवटी एक मुद्दा मोठ्यांसाठी. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. 2012 मध्ये त्यांनी असे मांडले की न समजणे दोन्ही बाजूंनी असते. स्वमग्न माणसाला आपल्या मनाचा अंदाज येत नाही, तसा आपल्यालाही त्याच्या मनाचा येत नाही. बाहुल्यांचा प्रयोग फक्त एका बाजूला प्रश्न विचारतो. कोपर सोलवटलेल्या मुलाच्या आईला आम्ही हे समजावले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्याला वाटत होतं मला माहीतच आहे, आणि मला वाटत होतं तो लपवतोय." तिचीही समजूत चुकीचीच होती. आता ती शाळेतून आल्यावर त्याला रोज एकच ठरलेला प्रश्न विचारते, "मी नव्हते तेव्हा कुठे लागलं का?" आणि तो अंगावरची जागा दाखवतो.